साडेचार, साडेनऊ की बारा? एकाच गुंतवणुकीचे तीन परतावे

प्रश्न : सर, नमस्कार. एका इक्विटी फंडात मी २०२१ च्या सुरुवातीला २ लाख, २०२३ च्या सुरुवातीला २ लाख आणि २०२४ च्या सुरुवातीला जमिनीच्या व्यवहारातून आलेले ६ लाख टाकले. २०२५ च्या सुरुवातीला त्यांची किंमत ११,८१,९२५ रुपये झाली. म्हणजे चार वर्षांत १८ टक्के, वर्षाला जेमतेम साडेचार! अ‍ॅपवर मात्र एक्सआयआरआर ९.३७ टक्के दिसतो आणि फंडवाले चार वर्षांचा परतावा १२ टक्के सांगतात. माझा भाऊ म्हणतो, हे सगळे आकडे फुगवलेले आहेत, मुदत ठेवीत ७ टक्के मिळाले असते, मोडून टाक. तिन्हींतला खरा आकडा कोणता? स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.

उत्तर : ताई, नमस्कार. तुमचं स्टेटमेंट ओळ न ओळ पाहिलं. कुणीही आकडा फुगवलेला नाही. अ‍ॅपचा आकडा बरोबर आहे, फंडाचाही बरोबर आहे. चुकलाय तो तुमचा साडेचार टक्क्यांचा. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण कशाने भागायचं तेच चुकलं. (हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमच्या तारखा मी एकदोन दिवस मागेपुढे करून १ जानेवारीवर आणल्या आहेत. त्याने निष्कर्ष बदलत नाही.)

नफा १,८१,९२५ रुपयांचा. तो तुम्ही १० लाखांवर काढला आणि चार वर्षांनी भागला. असं भागताना आपण नकळत धरून चालतो की दहाचे दहा लाख चारही वर्षं कामाला होते. तसं झालेलंच नाही. पहिले २ लाख चार वर्षं होते, पुढचे २ लाख दोन वर्षं, आणि सगळ्यात मोठी रक्कम, ६ लाख, फक्त एक वर्ष. शेतात शेवटच्या महिन्यात आलेल्या मजुरांनाही वर्षभर राबलेल्यांत मोजून माणशी काम किती झालं ते काढावं, तसा हा प्रकार झाला.

मग मोजायचं कसं? आधी कागदावर करा, अ‍ॅप बाजूला ठेवा. प्रत्येक रकमेला ती जितकी वर्षं गुंतलेली होती त्या वर्षांनी गुणा. २ लाख गुणिले ४ म्हणजे ८. २ लाख गुणिले २ म्हणजे ४. ६ लाख गुणिले १ म्हणजे ६. बेरीज १८. म्हणजे चार वर्षांत तुमचं जे भांडवल राबलं ते ‘एक वर्षासाठी १८ लाख’ एवढं होतं. तुमच्या हिशेबात ते १० गुणिले ४, म्हणजे ४० धरलं गेलं. आता नफ्याला १८ लाखांनी भागा : १.८२ भागिले १८, साधारण १०.१ टक्के. साडेचारावरून आपण एकदम दहावर आलो, तेही दोन मिनिटांत.

हा १०.१ टक्के सरळव्याजाचा दर आहे. खऱ्या गुंतवणुकीत नफ्यावरही नफा मिळतो, त्यामुळे तेवढीच रक्कम तयार व्हायला चक्रवाढीचा दर थोडा कमी पुरतो. तो नेमका चक्रवाढ दर म्हणजेच एक्सआयआरआर. त्याची व्याख्या पुस्तकात अवघड वाटते, पण अर्थ एवढाच : असं एक खातं कल्पा, ज्यात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच व्याजदर आहे. त्या खात्यात तुम्ही त्याच तारखांना त्याच रकमा भरल्या. शेवटच्या दिवशी शिल्लक बरोबर ११,८१,९२५ दिसावी, तर व्याजदर किती असायला हवा?

हा दर थेट सूत्राने निघत नाही, अंदाजाने गाठावा लागतो. ९ टक्के धरून पाहू. पहिले २ लाख चार वर्षांत २,८२,३१६ होतात, दुसरे २ लाख दोन वर्षांत २,३७,६२०, आणि ६ लाख एका वर्षात ६,५४,०००. एकूण ११,७३,९३६. कमी पडले. १० टक्के धरले तर एकूण येते ११,९४,८२०. हे जास्त झाले. म्हणजे उत्तर नऊ आणि दहाच्या मध्ये आहे, आणि नऊच्या जवळ आहे. ९.४ धरून बघा, जवळपास बसतं. संगणक हेच करतो, फक्त भराभर करतो आणि वर्षांऐवजी दिवस मोजतो. त्याचं उत्तर येतं ९.३७ टक्के. तुमच्या अ‍ॅपवर तोच आकडा आहे, त्यामुळे तिथे शंकेला जागा नाही.

अ‍ॅपवर विसंबून राहायचं नसेल तर हे स्वतः कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये करता येतं, आणि एकदा तरी करावंच. एका रकान्यात तारखा, शेजारच्यात रकमा. तुमच्या खिशातून गेलेला पैसा उणे, खिशात आलेला अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत, जणू सगळं आजच विकून पैसे हातात घेतले.

```
        A            B
1   2021-01-01   -200000
2   2023-01-01   -200000
3   2024-01-01   -600000
4   2025-01-01   1181925

=XIRR(B1:B4, A1:A4)
```

एवढंच आहे. उत्तर 0.0937 असं दिसलं तर त्या चौकटीला टक्क्यांचा फॉरमॅट द्या.

चुका होतात त्या सूत्रात नाही, ओळी भरताना होतात. सगळ्यात जास्त लोक अडतात ते मध्येच काढलेल्या पैशांपाशी. काढलेली रक्कम गुंतवणुकीतून वजा करून ‘निव्वळ गुंतवणूक’ काढायची सवय असते. कुणी ५ लाख टाकले, त्याचे ८ लाख झाले, त्यातून ४ लाख काढून घेतले, उरले ४ लाख. निव्वळ गुंतवणूक १ लाख, किंमत ४ लाख, नफा ३०० टक्के! असे आकडे लग्नसमारंभात हमखास ऐकू येतात. खरा नफा ५ लाखांवर ३ लाखांचा आहे, आणि तो किती वर्षांत झाला हे तर सांगितलेलंच नसतं. काढलेली रक्कम तिच्या तारखेसह अधिक चिन्हाने वेगळ्या ओळीत लिहायची, जुन्या ओळींना हात लावायचा नाही.

लाभांशाचंही तसंच. तो तुमच्या बँक खात्यात आला असेल तर त्याची अधिक चिन्हाची ओळ हवी. तो फंडातच परत गुंतवला गेला असेल तर काहीच लिहायचं नाही, कारण पैसा तुमच्या खिशातून गेलेला नाही आणि त्याचा परिणाम शेवटच्या किमतीत आलेलाच आहे. पुष्कळ जण पुन्हा गुंतवलेला लाभांश नवीन गुंतवणूक म्हणून उणे लिहितात आणि मग परतावा कमी का दिसतो म्हणून फंडाला नावं ठेवतात. एका फंडातून दुसऱ्यात पैसे हलवले तर पूर्ण पोर्टफोलिओच्या हिशेबात तीही ओळ नको. घरातल्या घरात पैसा इकडून तिकडे गेला, बाहेर गेला नाही. फक्त एका फंडाचा हिशेब करत असाल तर मात्र ती हवी.

आणि पाच फंडांचे पाच एक्सआयआरआर काढून त्यांची सरासरी कृपा करून घेऊ नका. एकात १० हजार आणि दुसऱ्यात १० लाख असतील तरी सरासरीत दोघांचं वजन सारखंच धरलं जातं. पाचही फंडांच्या सगळ्या ओळी एकाखाली एक ठेवा, आजच्या किमतींची बेरीज शेवटी लिहा, आणि सूत्र एकदाच चालवा. ओळी तारखेच्या क्रमाने नसल्या तरी चालतं, फक्त सगळ्यात जुनी तारीख पहिल्या ओळीत ठेवा.

सूत्राने `#NUM!` दाखवलं तर बहुधा सगळ्या रकमांना एकच चिन्ह लागलेलं असतं, किंवा पहिल्या ओळीपेक्षा जुनी तारीख खाली कुठेतरी असते. `#VALUE!` आलं तर तारखा कॉपी करताना मजकूर म्हणून उतरल्या असण्याची शक्यता मोठी. या चुका निदान ओरडून सांगतात तरी. एक्सेलमध्ये एक मुकी चूकही आहे. पोर्टफोलिओ बऱ्यापैकी तोट्यात असेल तर सूत्र कधीकधी 2.98E-09 असं काहीतरी देतं. टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये ते ०.०० टक्के दिसतं आणि माणूस म्हणतो, चला, मुद्दल तरी वाचलं. ते उत्तर नसतं, सूत्राला उत्तर सापडलेलं नसतं. सूत्र आपला शोध १० टक्क्यांपासून सुरू करतं. तोट्याच्या पोर्टफोलिओत त्याला सुरुवात कुठून करायची ते सांगावं लागतं :

```
=XIRR(B1:B4, A1:A4, -0.2)
```

कोणतंही उत्तर आलं की वरचा सरळव्याजाचा ताळा करायचा. तुमचा ताळा १०.१ होता आणि सूत्राने ९.३७ दिलं, म्हणजे ठीक. ताळा १० आणि सूत्र २७ सांगत असेल तर कुठेतरी चिन्ह किंवा वर्ष चुकलंय, शोधा. कालावधी लांब असेल तर दोन्हींत जास्त अंतर पडतं, कारण चक्रवाढीचा परिणाम वाढत जातो. तरी मोठी चूक या ताळ्यात लपत नाही.

आता फंडवाल्यांच्या १२ टक्क्यांकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचा संशय खरा तिथेच अडकलाय. तुमच्या स्टेटमेंटच्या मागच्या पानावर फंडाची वर्षवार कामगिरी आहे : २०२१ मध्ये अधिक ३० टक्के, २०२२ मध्ये उणे ५, २०२३ मध्ये अधिक २५ आणि २०२४ मध्ये अधिक २. पहिल्या दिवशी टाकलेला एक रुपया या चार वर्षांत १.५७ रुपये झाला. वर्षाला चक्रवाढीने १२ टक्के. खोटं काही नाही. तुमच्या पहिल्या २ लाखांनाही नेमके हेच १२ टक्के मिळालेत, त्यांचे आज ३,१४,९२५ आहेत.

पण तुमचे ६ लाख कधी आले? २०२४ च्या तोंडावर. त्यांनी फंडाचं फक्त एकच वर्ष पाहिलं, आणि तेही २ टक्क्यांचं. ३० टक्क्यांच्या वर्षात तुमचे २ लाख होते, २ टक्क्यांच्या वर्षात तुमची सगळी रक्कम होती. म्हणून फंडाचे १२ आणि तुमचे ९.३७. हाच क्रम उलटा असता, म्हणजे ६ लाख २०२१ मध्ये आणि २ लाख २०२४ मध्ये टाकले असते, तर त्याच फंडात तुमचा एक्सआयआरआर ११.६ टक्क्यांच्या आसपास आला असता. फंड तोच, चार वर्षं तीच, एकूण रक्कम तीच.

फंडाचा आकडा पैसा कधी आला-गेला हे मुद्दामच विचारात घेत नाही, आणि ते रास्तही आहे. जमिनीचे पैसे तुम्हाला कधी मिळणार हे फंड मॅनेजरच्या हातात नव्हतं. त्याच्या कामाचं माप घ्यायचं तर हाच आकडा बघायचा. तुमच्या पैशाचं काय झालं हे बघायचं तर एक्सआयआरआर. अमुक फंड चांगला की तमुक, हे ठरवायला स्वतःचा एक्सआयआरआर वापरू नका. दोन फंडांत वेगवेगळ्या तारखांना पैसे टाकले असतील तर ती तुलना फंडांची न राहता तुमच्या तारखांचीच होते.

यात दोष तुमचाही नाही. पैसे हातात आले तेव्हा तुम्ही टाकले. फंड १२ आणि आपण ९ म्हणजे आपण चुकीच्या वेळी शिरलो, असा अर्थ लोक लगेच काढतात. दरवर्षी तेजी पाहून रक्कम वाढवणाऱ्या आणि पडझडीत काढून घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो अर्थ खरा असू शकतो. तुमच्या तीन ओळींत तसं काही दिसत नाही.

एक्सआयआरआर कुठे फसवतो तेही सांगून ठेवतो, कारण पुढे नवीन फंड घेतलात तर पहिला गोंधळ तिथेच होईल. हा दर नेहमी वार्षिक असतो. पैसे टाकून ४५ दिवस झाले आणि किंमत ३ टक्के वाढली, तर सूत्र धरतं की पुढचं सगळं वर्ष हाच वेग राहील, आणि २७ टक्के दाखवतं. तेवढ्याच दिवसांत ३ टक्के घसरली तर उणे २२ दाखवतं. दोन्ही आकडे पाहून झोप उडवण्यात अर्थ नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत साधी टक्केवारी पाहा : इतके टाकले, इतके झाले, बस्स. तीच गोष्ट पोर्टफोलिओ बहुतांश नवा असताना. तुमच्या १० लाखांतले ६ लाख एकच वर्षाचे आहेत, त्यामुळे आजच्या ९.३७ वर त्या एका वर्षाचा पगडा फार आहे. आणखी दोनतीन वर्षांनी हाच आकडा जास्त विश्वासाने वाचता येईल.

आता भावाच्या मुदत ठेवीचं. त्याने तुमचे साडेचार आणि ठेवीचे सात शेजारी ठेवले, पण ठेवीचे सात हे चक्रवाढीचे वार्षिक आहेत, म्हणजे एक्सआयआरआरच्या जातीचे. तुलना ९.३७ शी होते. रुपयांत पाहायचं तर त्याच तारखांना तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत भरा : पहिल्या २ लाखांचे २,६२,१५९, दुसऱ्या २ लाखांचे २,२८,९८०, आणि ६ लाखांचे ६,४२,०००. एकूण ११,३३,१३९. तुमच्याकडे त्यापेक्षा सुमारे ४९ हजार जास्त आहेत, कर धरण्याआधी. इक्विटीतली चढउतार सोसून ४९ हजार हे भरपूर की थोडके, यावर तुमचं आणि भावाचं मत वेगळं असू शकतं, आणि तो वाद योग्य आहे. निदान तो आता खऱ्या आकड्यावर होईल. एक मात्र भावाला सांगा : ९.३७ हा झालेल्या चार वर्षांचा आकडा आहे. पुढे फंड किती देईल याबद्दल तो काहीच सांगत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर मोडण्याचा निर्णय होत नाही, आणि ठेवण्याचाही होत नाही.

मोडायचं की नाही हे ठरवण्याआधी ठेवीपेक्षा जास्त उपयोगाची एक तुलना करा. फंड ज्या निर्देशांकाशी स्वतःची तुलना करतो तो घ्या, पण लाभांश धरून मोजलेला. नुसता किमतीचा निर्देशांक घेतलात तर फंड उगाच चांगला दिसेल. तुमच्या तिन्ही तारखांना तो निर्देशांक किती होता ते लिहा. प्रत्येक रकमेला त्या दिवशीच्या निर्देशांकाने भागा, तेवढे ‘काल्पनिक युनिट’ तुम्ही घेतले असं धरा. तिन्हींची बेरीज करून तिला शेवटच्या दिवशीच्या निर्देशांकाने गुणा. जी रक्कम येईल ती वरच्या तक्त्यात ११,८१,९२५ च्या जागी टाका. पहिल्या तीन ओळी तशाच राहू द्या. सूत्र जे सांगेल तो निर्देशांकाचा तुमच्या तारखांवरचा परतावा. तारखा आता दोन्हीकडे सारख्याच असल्यामुळे उरलेला फरक फंडाचा. निर्देशांकाचं उत्तर ९.३७ च्या बरंच वर आलं तर फंड बदलण्याचा विचार करायला कारण आहे, आणि तेव्हा कर व बाहेर पडण्याचा खर्च किती बसतो ते आधी काढा. ते खाली आलं किंवा जवळपास तेवढंच आलं, तर कमी परताव्याचं खापर फंडावर फोडता येणार नाही. मग प्रश्न उरतो तो इक्विटीत किती पैसे ठेवायचे एवढाच. निर्देशांकाचे चार आकडे मिळाले की मला पाठवा, तक्ता एकदा तपासून देतो.